सुट्या वेलांट्या

आदिलाबादेत कापूस मार्केटाकडून स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सुधाकररावांचा छापखाना होता. तिथं नागोरावांनी अठ्ठावीस वर्षं मराठी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, जे येईल ते. खिळ्यांच्या केसेत, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीत, क्षचा खण कुठला आणि ज्ञचा कुठला हे त्यांच्या बोटांना झोपेतही ठाऊक होतं. शिक्षण सातवी, तेही भीमपूरच्या शाळेत. पण एखाद्या मास्तरानं ‘आशीर्वाद’ चुकीचा लिहून आणला की नागोराव मास्तरालाच चार शब्द सुनावायचे. स्वभाव तिखट. अक्षराच्या बाबतीत तर बापाचंही ऐकलं नसतं.

पंच्याण्णवच्या दिवाळीला सुधाकररावांनी सगळे खिळे हैदराबादच्या भंगारवाल्याला किलोवर विकून टाकले. पोत्यात भरून नेले हो, बाजरी भरावी तसे! नागोराव त्या दिवशी कामावर आले नाहीत. आठ दिवसांनी आले तर खिळ्यांच्या रॅका होत्या तिथं एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि समोर श्रीलता नावाची तिशीची बाई. करीमनगरकडून लग्न होऊन आलेली, तेलुगू आणि इंग्रजी टायपिंगात एकदम पक्की. मराठी वाचता येत नाही. देवनागरी म्हणजे शाळेत हिंदीला पास होण्यापुरतं जे काय गिरवलं ते.

“तेलुगूचं काम भरपूर हाय,” सुधाकरराव म्हणाले. “मराठीचं वर्षातून एखादं मोठं येते. तुमी प्रूफ पाहत जा. कोणाले तरी मराठी समजलं पाहिजे नं छापखान्यात.”

हे ‘कोणाले तरी’ होतं ना, तेवढ्यावर नागोराव टिकून होते. वय बावन्न. दुसरं काही येत नाही. शेती भावाकडं, आणि भावाशी बोलणं नाही. छापखान्यातून बाहेर पडले तर गावात त्यांना विचारणारं काळं कुत्रंही नव्हतं, आणि हे त्यांना पुरतं माहीत होतं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत समाजाचा वधू-वर मेळावा ठरला. मेळाव्याचे मुख्य भगवानराव, बाजारहत्नूरकडचे भाजीपाल्याचे बागायतदार, तालेवार पण बोलायला मऊ माणूस. एकशे नव्वद मुलामुलींची परिचय पुस्तिका छापायची. मजकूर नांदेडला कोणीतरी टाईप करून फ्लॉपीत दिला होता.

“रविवारी मेळावा हाय,” भगवानराव म्हणाले. “शनवारी संध्याकाळी पुस्तिका हातात पाहिजे. लोकं चार-चार तालुक्यांतून येऊन राह्यले.”

भगवानराव गेल्यावर सुधाकरराव नागोरावांकडं वळले. “हे काम निभलं तं मराठी खातं चालू ठेवू. नाही निभलं तं मंग मले बी कायले ठेवायचं? नांदेडलेच पाठवत जाईन सारं. तुमी समजून घ्या.”

समजायला काय, नागोरावांना सगळं समजत होतं. तो सोमवार होता.

श्रीलतानं फ्लॉपी घातली, मजकूर उचलला आणि पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. मराठी फॉन्ट लावला. आणि दोघंही पडद्याकडं बघत बसले.

“नागोराव गारू, ये बराबर है क्या?” श्रीलतानं विचारलं. ती त्यांना गारू म्हणायची, आपल्याकडं मानानं राव म्हणतात तसं.

“बरोबर?” नागोराव ओरडले. “अवो बाई, याले मराठी म्हणतेत का! मुडदा पाडला सारा!”

साधी अक्षरं जागेवर होती. क, म, ल, काना, मात्रा, सगळं ठीक. पण जोडाक्षर आलं की घोटाळा. ‘शिक्षण’मध्ये क्षच्या जागी भलतीच खूण. ‘पत्ता’मधला त्त गायब, तिथं भलताच द्व. ‘वर्ण’चा रफार णवरून घसरून पुढच्या शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसलेला. जोडाक्षरावरची रुंद वेलांटी तर नाहीच, तिच्याऐवजी नुसता उभा दांडा. आणि वधू-वराच्या माहितीत दुसरं असतं काय? शिक्षण, पत्ता, वर्ण, जन्मनक्षत्र, अपेक्षा. एकशे नव्वद जणांच्या नावाखाली तेच शब्द, आणि तेच शब्द फुटलेले.

श्रीलताला कारण कळलं होतं. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, नंबर ओळखतो. प्रत्येक खुणेला एक नंबर. साध्या अक्षरांचे नंबर दोन्ही फॉन्टच्या कंपन्यांनी टाईपरायटरवरून घेतलेले, म्हणून ती जुळली. जोडाक्षरं, रफार, रुंद वेलांट्या हे सगळं वरच्या नंबरांत, आणि तिथं नांदेडच्या फॉन्टवाल्याचा हिशेब वेगळा, आपल्या फॉन्टवाल्याचा वेगळा. आपला फॉन्ट तरी कुठं रीतसर घेतलेला होता? कोणाकडून तरी उतरवून आणलेला. कोणतं अक्षर कोणत्या नंबरावर, त्याचं पुस्तकच नव्हतं.

“नांदेडवाला फॉन्ट मंगाते,” श्रीलता म्हणाली.

नांदेडला फोन लावला. तिथला टायपिंगवाला लग्नाला गावी गेलेला. आठ दिवस येणार नाही. झालं!

आता नागोरावांनी जे केलं ते खिळे जुळवणाऱ्यालाच सुचलं असतं, आणि घात तिथंच झाला. खिळ्यांच्या कामात रफार, मात्रा हे वेगळे तुकडे असतात. ओळीच्या वरच्या अंगाला ते नेमक्या जागी ठेवायचे, सगळं चौकटीत घालून आवळायचं. एकदा आवळलं की ब्रह्मदेव आला तरी तुकडा हलत नाही. नागोरावांनी श्रीलताला तेच करायला लावलं. चुकीची खूण पुसायची. कीबोर्डावर जे तुकडे सापडतात, अर्धा त, दांडा, रफार, वेलांटी, ते सुटे टाईप करायचे आणि माऊसनं ओढून अक्षरावर नेऊन ठेवायचे.

“गारू, ये अलग डब्बा है. टेक्स्ट के साथ नहीं जाता,” श्रीलता म्हणाली.

“कुठं जायचं हाय त्याले? जिथी ठेवला तिथीच राहीन. तू ठेव.”

तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पण नागोरावांच्या पिकल्या केसांकडं बघून तिनं पुढं ताणलं नाही. ती नवी, ते अठ्ठावीस वर्षांचे. गारू म्हणतात म्हणजे असेल, असं तिनं मनाशी धरलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. दोघांनी मान मोडून काम केलं. ‘वर्ण’ला रफार, ‘पत्ता’ला त्त, ‘द्वितीय’ला वेलांटी. “जरा डावीकडं... अजून... बस!” असं दिवसभर. दीड हजाराच्या वर सुटे तुकडे बसवले. बुधवारी संध्याकाळी नागोरावांनी छापून आलेली पानं उजेडाकडं धरली आणि त्यांचं तोंड फुललं. अक्षर न् अक्षर जागेवर! खिळ्यांनीसुद्धा इतकं साफ आलं नसतं. घरी जाऊन त्यांनी मथुराबाईंना सांगितलं, “निभलं व. राह्यलो मी.” मथुराबाईंनी त्या दिवशी भाकरीवर तेलाची धार जरा सढळ सोडली.

गुरुवारी सकाळी भगवानराव आले. पानं पाहून खूश झाले. मग अंमळ घुटमळून म्हणाले, “नागोराव, एक बारीक काम हाय. भीमपूरकडच्या दोन पोरींची नावं राह्यली. अ वरून सुरू होतात, तवा पहिल्याच पानावर घ्या. त्यांचे बाप लय आशेनं आले होते.”

“घ्या नं, त्यात काय,” नागोराव म्हणाले.

श्रीलतानं पहिल्या पानावर दोन नावं घातली. मजकूर खाली सरकला. पहिलं पान दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, असा शेवटपर्यंत. पण सुटे तुकडे काही सरकले नाहीत. ते जिथं ठेवले होते तिथंच राहिले. रफार कोऱ्या जागेत लटकले, वेलांट्या आकड्यांवर चढल्या, कोणाच्या उंचीवर अर्धा त, कोणाच्या जन्मतारखेवर मात्रा. अठ्ठेचाळीस पानं, आणि प्रत्येक पानावर धान्य सांडावं तशी मोडलेली अक्षरं सांडलेली.

पहिल्यांदा नागोरावांना वाटलं डोळ्यांचा दोष आहे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

“मैं बोली थी...” श्रीलता हळूच म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं.

“बोलली होती,” नागोराव म्हणाले. “मीच आयकलं नाही. मीच माह्या हातानं वाटोळं केलं.”

सुधाकरराव आत आले. त्यांनी पडदा पाहिला. मराठी त्यांना कामापुरतंच वाचता यायचं, पण वाटोळं ओळखायला काय वाचावं लागतं? “तीन दिवस!” ते म्हणाले. “तीन दिवस हेच करून राह्यले होते? उद्या दुपारपर्यंत पाहीन. नाही तं भगवानरावाले पैसे वापस आन् तुमाले रामराम. माफ करा, पण माह्यानं आता होत नाही.”

त्या संध्याकाळी नागोराव घरी गेले ते जेवलेच नाहीत. मथुराबाईंनी विचारलं तर खेकसले, आणि मग खेकसल्याचंही वाईट वाटून भिंतीकडं तोंड करून पडले. बावन्न वर्षांच्या माणसाला रडू आलं तर त्यात लाज कसली, पण त्यांना वाटली.

शुक्रवारी सकाळी श्रीलता त्यांच्या आधी येऊन बसली होती. तिच्यासमोर एक छापलेला कागद होता. एक बटण दाबून धरून नंबर टाईप केला की त्या नंबराची खूण उमटते, हे तिला तेलुगूच्या कामातून माहीत होतं. तिनं आपल्या मराठी फॉन्टातल्या वरच्या सगळ्या नंबरांच्या खुणा एकामागून एक उमटवल्या होत्या. पण त्या कोणत्या अक्षराच्या, हे तिला सांगता येत नव्हतं.

“गारू, ये पढो.”

नागोरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. क्ष होता, त्त होता. द्व, श्र, रफार, अनुस्वारासकट रफार, रुंद वेलांटी, सगळी बिचारी तिथं हारीनं बसली होती. “अवो, हे तं सारे खण हाईत!” ते म्हणाले. “माह्या केसेतले खण!”

“अब फ्लॉपी से सब नया लेती,” श्रीलतानं समजावलं. “उसमें जो गलत खूण है, वहाँ कौनसा अक्षर होना, तुम बोलो. मैं मशीन को बोलती, ये नंबर जहाँ-जहाँ है, वहाँ वो नंबर डाल. एकदम पूरी किताब में. ये टेक्स्ट के अंदर है, सरकता नहीं.”

नागोराव वाचायला बसले. ‘शि-ण’, मधे ही खूण, म्हणजे क्ष. ‘जन्मन-त्र’, पुन्हा तीच खूण, हो, क्षच. श्रीलतानं नंबर दिले, मशीन क्षणभर थांबलं, आणि अठ्ठेचाळीस पानांतला प्रत्येक क्ष उभा राहिला. तीन दिवसांत जे झालं नव्हतं ते एका दमात!

मग ठेच लागली. नांदेडच्या फॉन्टात त्तचा जो नंबर होता, तो आपल्याकडं द्वचा निघाला. आणि त्यांच्या द्वचा नंबर आपल्याकडं त्तचा. श्रीलतानं पहिला बदलून दुसऱ्यासारखा केला, मग दुसरा बदलून पहिल्यासारखा केला, आणि सगळ्या पुस्तिकेत द्वच द्व झाले. पत्ता नाही, सत्तावीस नाही, सगळीकडं द्व. पुन्हा फ्लॉपी, पुन्हा पहिल्यापासून. साडेअकरा वाजले होते. श्रीलता घाईनं पुन्हा नंबर मारायला लागली.

“थांब,” नागोराव म्हणाले. “दोन खणांतले खिळे अदलाबदल कराचे असले तं आमी तिसरा रिकामा खण घेत होतो. अगोदर ह्यातले तिकडं ओतायचे. मंग त्यातले ह्यात. मंग तिकडचे त्यात. तुह्याकडं अशी एखादी खूण हाय का, जे पुस्तकात कुठीच नाही?”

श्रीलता त्यांच्याकडं पाहतच राहिली. होती तशी खूण. त्त आधी तिच्यात ठेवले, मग द्व जागेवर नेले, मग खुणेतले त्त उतरवले. जमलं! “गारू!” ती टाळी वाजवून म्हणाली, आणि दोघं त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

बारा वाजता वीज गेली. शुक्रवारी बारा ते दोन जायचीच. अजून तीस-पस्तीस खुणा बाकी होत्या.

“लाईट आने तक लिखके रखेंगे,” श्रीलतानं फ्लॉपीतल्या मजकुराची सकाळी छापलेली पानं आणि कोरा कागद पुढं केला. “बाएँ गलत, दाएँ सही, और कौनसा पहले. लाईट आई कि मैं मार देती. नहीं तो टाईम पर नहीं होगा.”

नागोरावांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. कारण तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्तापर्यंत ते तोंडानं सांगत होते. ते बाजूला बसले नाहीत तर श्रीलताचा हात चालत नव्हता. हा कागद एकदा पुरा लिहिला की ते बसले काय आणि उठले काय! नांदेडची फ्लॉपी आली की कागद पाहायचा, नंबर मारायचे, मराठी तयार. वाचायचीही गरज नाही. ‘कोणाले तरी मराठी समजलं पाहिजे’ म्हणून ते छापखान्यात होते, आणि ते समजणं आता ते स्वतःच कागदावर उतरवून देणार होते. लिहिलं नाही तर आज दुपारी रामराम. लिहिलं तर थोड्या दिवसांनी. इकडं आड, तिकडं विहीर.

त्यांच्या मनात आलं, चार खुणा मुद्दाम वगळाव्यात. तोंडी सांगू म्हणावं. कोणाला कळणार होतं? श्रीलताला तर नक्कीच नाही. ते बराच वेळ पेन धरून बसले. बाहेर कापसाच्या गाडीवाल्यांची तेलुगूत भांडणं चालली होती. श्रीलता पदरानं वारा घेत वाट बघत होती.

मग त्यांनी लिहायला घेतलं. सुरुवातीला सावकाश, पुढं भराभर. कोणती खूण, कोणतं अक्षर, कोणतं आधी बदलायचं, कोणत्या जोडीला रिकामा खण लागतो. रफार आणि अनुस्वार एकत्र असेल तर तो वेगळा, आणि साध्या रफाराच्या आधी. रुंद वेलांटी कोणत्या जोडाक्षरांना. शेवटी श्रीलताला विचारून हेही लिहिलं, की ओळीच्या टोकाला इंग्रजीसारखा शब्द तोडायची सोय बंद ठेवायची, नाही तर अक्षर अर्ध्यात तुटतं. एकही खूण वगळली नाही. लिहिताना एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी कागदावर पडलं, ते त्यांनी बाहीनं टिपलं.

दोनला वीज आली. पावणेतीनला पुस्तिका तयार होती. भगवानरावांच्या दोन नावांसकट.

शनिवारी छापली, बांधली. रविवारी मेळाव्यात लोकांनी उघडून पाहिली, मुलामुलींची नावं वाचली, जन्मनक्षत्रं जुळवली. कोणीही अक्षराबद्दल चकार शब्द काढला नाही. अक्षर बरोबर असलं की त्याच्याबद्दल कोण बोलतं?

सोमवारी सुधाकरराव जाम खूश होते. त्यांनी तो कागद चौकातून लॅमिनेट करून आणला आणि कॉम्प्युटरच्या वर भिंतीला लावला. “नागोराव, लय मोठं काम केलं तुमी,” ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हे इथं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता.

पंधरा दिवसांनी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका आली. फ्लॉपी नांदेडचीच. बारा पानं. नागोराव हातपाय धुऊन येईपर्यंत श्रीलतानं भिंतीकडं बघत नंबर मारून टाकले होते. वीस मिनिटं लागली. तिनं प्रूफ त्यांच्या हातात दिलं, पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

नागोरावांनी प्रूफ वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून, अक्षर न् अक्षर, उलट्या ओळींनी खालून वरही वाचलं. एक रफार घसरलेला सापडावा, एक वेलांटी चुकलेली सापडावी, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. मग त्यांनी शेवटच्या पानावर ‘छापायला हरकत नाही’ असं लिहून सही केली.

“नागोराव,” सुधाकरराव म्हणाले, “आता रोज कायले तरास घेता? काम आलं का निरोप धाडतो.”

“वो पढते, मैं नहीं पढती,” श्रीलता मधेच म्हणाली. “गारू होना इधर.”

“वाचायचं काय त्यात? मशीनच बरोबर करून राह्यली,” सुधाकरराव म्हणाले. नागोरावांनी मान हलवली आणि चष्मा खिशात ठेवला.

घरी मथुराबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. दिवसाउजेडी नवरा दारात बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. नागोरावांनी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं, कागदाचंही.

“अवो, मंग तुमी तो लिवलाच काऊन?” मथुराबाई कळवळून म्हणाल्या. “आन् लिवला तं लिवला, मेळावा झाल्यावर फाडून नाही टाकता आला? तुमचाच होता नं तो!”

“गेलो होतो फाडायले,” नागोराव म्हणाले. “मेळाव्यानंतरच्या सोमवारी सकाळी, कोणी यायच्या अगोदर. हातात घेतला होता.”

“मंग?”

“वाचला. वरून खालपर्यंत वाचला.” नागोराव उंबऱ्यातच बसले. “त्याच्यात एकबी चूक नव्हती व, मथुरा.”